मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात कारणांचा क्रम कसा लिहायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पानं प्रमाणपत्र भरणाऱ्या डॉक्टरांसाठी आहेत, विशेषतः रात्रपाळीत ज्यांच्यासमोर कोरा फॉर्म येतो त्यांच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात भाग 1 आणि भाग 2 असतात. भाग 1 मधल्या ओळींना आपण इथे अ, ब, क, ड म्हणू. चौथी ओळ आयसीडी या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीबरोबर आली, त्यामुळे काही छापील फॉर्मवर अजून तीनच ओळी दिसतात. लिहिण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

बहुतेक उत्तरं एकाच रुग्णाच्या आधारे दिली आहेत. रुग्ण काल्पनिक असला तरी अशी केस कुठल्याही वॉर्डात सापडते.

आधी केस सांगा.

68 वर्षांची स्त्री. टाइप 2 मधुमेह 18 वर्षांपासून. तीन महिन्यांपूर्वी उजव्या तळव्यावर जखम झाली. पायाला संवेदना कमी असल्याने ती उशिरा लक्षात आली आणि भरलीच नाही. मृत्यूच्या 12 दिवस आधी दोन बोटं काळी पडली. पाच दिवस आधी ती दाखल झाली, तेव्हा पू पावलात वर चढला होता. दुसऱ्या दिवशी बोटं काढली. रक्ताच्या कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढला. शेवटचे दोन दिवस रक्तदाब औषधांवर टिकवून धरलेला होता, अखेरच्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली. पहाटे 4 वाजून 10 मिनिटांनी हृदय बंद पडलं. शिवाय 10 वर्षांपासूनचा सीओपीडी होता आणि त्यामुळे तिला लवकर व्हेंटिलेटर लागला. 15 वर्षांपासूनचा उच्च रक्तदाब गोळ्यांवर आटोक्यात होता. चार वर्षांपूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती.

केस पेपर एवढं सगळं सांगतो. प्रमाणपत्रावर यातलं निम्मंही जात नाही. काय जातं आणि कुठे, एवढाच प्रश्न आहे.

मग या केसचं प्रमाणपत्र कसं दिसेल?

> भाग 1
> अ) सेप्टिक शॉक: 2 दिवस
> ब) उजव्या पायाचं गँग्रीन, स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या संसर्गासह: 12 दिवस
> क) उजव्या तळव्यावरची मधुमेही जखम: 3 महिने
> ड) टाइप 2 मधुमेह: 18 वर्षं
>
> भाग 2
> सीओपीडी: 10 वर्षं

हृदय बंद पडणं यात नाही. लघवी थांबणं नाही, उच्च रक्तदाब नाही आणि मोतीबिंदूही नाही. प्रत्येक गोष्ट वगळण्याचं कारण वेगळं आहे. ते पुढे येईल.

वर काय लिहायचं आणि खाली काय? दर वेळी गोंधळ होतो.

केस पेपर आपण पहिल्यापासून आजपर्यंत लिहितो. प्रमाणपत्र आजपासून मागे जातं. ओळ अ म्हणजे मृत्यूच्या लगत घडलेली स्थिती. तिच्याखाली ती ज्यामुळे झाली ती, तिच्याखाली तिचं कारण, असं उतरत जायचं. जिथून हे सगळं सुरू झालं तो आजार भरलेल्या सर्वांत खालच्या ओळीत येतो. त्यालाच मृत्यूचं मूळ कारण म्हणतात, आणि आकडेवारीत मोजला जातो तो तोच.

क्रम तपासायला मराठीत सोपी सोय आहे. वरून खाली वाचताना दोन ओळींमध्ये ‘कशामुळे?’ विचारा. शॉक कशामुळे? गँग्रीनमुळे. गँग्रीन कशामुळे? न भरलेल्या जखमेमुळे. जखम कशामुळे? मधुमेहामुळे. मग खालून वर येताना मध्ये ‘त्यातून’ घालून वाचा: मधुमेह, त्यातून जखम, त्यातून गँग्रीन, त्यातून शॉक. दोन्ही दिशांनी वाक्य न अडखळता म्हणता आलं तर क्रम बरोबर आहे. एखाद्या जोडीपाशी जीभ अडली तर चूक बहुधा तिथेच असते.

हेच प्रमाणपत्र उलटं लिहिलं, म्हणजे अ मध्ये मधुमेह आणि ड मध्ये सेप्टिक शॉक, तर ते कागदावर असं म्हणतं की शॉकमुळे गँग्रीन झालं, गँग्रीनमुळे जखम झाली आणि जखमेमुळे मधुमेह. लिहिणाऱ्याला तसं म्हणायचं नसतं. पण आकडेवारीसाठी प्रमाणपत्र वाचून कारणांना संकेतांक देणारा कोडर रुग्णाला ओळखत नाही. त्याच्यासमोर फक्त या चार ओळी असतात.

‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलं तर काय बिघडतं? हृदय थांबलंच होतं ना?

थांबलं होतं, पण ते प्रत्येक मृतात थांबलेलं असतं. अरेस्ट म्हणजे मृत्यूचं वर्णन झालं, मृत्यू का झाला याचं उत्तर त्यात नाही. श्वास बंद पडणं, मेंदूचं काम थांबणं, ‘मल्टिऑर्गन फेल्युअर’ एवढंच लिहून सोडणं, हे सगळं त्याच पंक्तीतलं.

नुकसान दोन प्रकारे होतं. पहिलं म्हणजे एक ओळ फुकट जाते. आपल्या केसमध्ये अ मध्ये अरेस्ट लिहिला तर ब ते ड मध्ये शॉक, गँग्रीन आणि जखम बसतात, आणि मधुमेहाला जागाच उरत नाही. तो मग भाग 2 मध्ये ढकलला जातो किंवा सुटून जातो. दुसरं नुकसान जास्त मोठं आहे. घाईत फक्त ‘अ) कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट, ब) सेप्सिस’ असं लिहिलं की आकडेवारीत ही बाई सेप्सिसने गेली. तिच्या 18 वर्षांच्या मधुमेहाचा आणि तीन महिन्यांच्या जखमेचा कुठे मागमूस राहत नाही. सेप्सिसही मधलाच टप्पा असतो. तो लिहावा, पण तो कुठून आला ते खाली लिहिल्याशिवाय थांबू नये.

एक अपवाद लक्षात ठेवा. अवयव निकामी होणं ही साखळीतली खरी पायरी असेल तर ती लिहायची, फक्त तिचं कारण खाली हवं. ‘लिव्हर फेल्युअर, लिव्हर सिरॉसिसमुळे, दीर्घकालीन हिपॅटायटिस बीमुळे’ हे उत्तम प्रमाणपत्र आहे. नुसतं ‘लिव्हर फेल्युअर’ हे अर्धवट.

किडनी फेल्युअर का वगळलं? शेवटच्या दिवशी लघवी थांबली होती.

इथे विचार करावाच लागतो. या रुग्णात मूत्रपिंडं बंद पडली ती शॉकमुळे. रक्तदाब पडला म्हणून लघवी कमी झाली आणि काही तासांत मृत्यू झाला. शॉकनेच मारलं, मूत्रपिंड हा शॉकचा एक परिणाम होता, मृत्यूकडे नेणारी वेगळी पायरी नव्हती. म्हणून ते लिहिलं नाही.

समजा गोष्ट वेगळी घडली असती. शॉक सावरला, रक्तदाब औषधांशिवाय टिकला, पण मूत्रपिंडं परत चालू झाली नाहीत, पोटॅशियम चढलं आणि चार दिवसांनी त्यामुळे हृदय थांबलं. तेव्हा अ मध्ये अक्यूट किडनी इन्ज्युरी आणि ब मध्ये सेप्टिक शॉक असं लिहावं लागेल.

भाग 2 मध्ये मात्र ती कुठल्याच परिस्थितीत जाणार नाही. साखळीतून निघालेली गोष्ट भाग 2 ची नसते.

पण मग ओळी पाच झाल्या. चारच ओळी असतील तर?

एका ओळीत दोन पायऱ्या ‘मुळे’ हा शब्द घालून लिहिता येतात. जसं ‘ब) सेप्टिक शॉक, उजव्या पायाच्या गँग्रीनमुळे’. शब्द स्पष्ट हवा. नुसता स्वल्पविराम टाकून दोन आजार एका ओळीत बसवले, तर ते एकमेकांचे कारण आहेत की शेजारी-शेजारी आहेत हे कळत नाही. हाच नियम तीन ओळींच्या फॉर्मलाही लागू होतो. शेवटच्या ओळीत ‘मधुमेही जखम, टाइप 2 मधुमेहामुळे’ असं लिहा.

जागा वाचवायला मधली पायरी गाळली तर एक वेळ चालतं. सर्वांत खालची पायरी गाळणं चालत नाही. ‘सेप्टिक शॉक, गँग्रीनमुळे, टाइप 2 मधुमेहामुळे’ यात जखम गेली, पण मूळ कारण शाबूत आहे.

उलट बाजूही सांगतो. चारही ओळी भरल्याच पाहिजेत असं काही नाही. एकाच आजाराने थेट मृत्यू झाला असेल तर एक ओळ पुरते. रिकाम्या ओळी बघून अस्वस्थ होऊन तिथे उच्च रक्तदाब किंवा ॲनिमिया भरणाऱ्यांमुळे जास्त घोळ होतात, कारण सर्वांत खाली जे लिहिलं जातं ते ‘मूळ कारण’ म्हणून वाचलं जातं.

भाग 2 मध्ये नेमकं काय येतं?

जे साखळीत नाही, पण ज्याने मृत्यूला हातभार लावला, ते. सीओपीडीमुळे गँग्रीन झालं नाही आणि मधुमेहामुळे सीओपीडी झाला नाही. पण दुबळ्या फुफ्फुसांमुळे ही बाई शॉक सोसू शकली नाही. म्हणून तो भाग 2 मध्ये.

वयाने जुना म्हणून आजार साखळीत येत नाही, हेही इथेच दिसतं. सीओपीडी 10 वर्षांचा आणि जखम तीन महिन्यांची. कालावधीच्या हिशेबात तो क आणि ड च्या मध्ये छान बसतो! पण ‘कशामुळे?’ विचारलं की बाहेर पडतो. कालावधी साखळी तपासायला वापरायचा, रचायला नाही.

उच्च रक्तदाब वगळला, कारण तो आटोक्यात होता आणि या मृत्यूत त्याचा हात दिसत नाही. पायाच्या धमन्या आकुंचित असल्याचं तपासणीत दिसलं असतं, तर तो भाग 2 मध्ये लिहिणं रास्त ठरलं असतं. यावर दोन अनुभवी डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं आणि त्यात गैर काही नाही. मोतीबिंदूबद्दल मात्र दुमत नको. भाग 2 म्हणजे रुग्णाच्या सगळ्या आजारांची यादी नव्हे.

तोच उच्च रक्तदाब दुसऱ्या रुग्णात मूळ कारण होतो. ‘अ) मेंदूतला रक्तस्राव: 6 तास, ब) उच्च रक्तदाब: 15 वर्षं’ हे अगदी बरोबर आहे. म्हणजे आजाराची जागा त्याच्या नावावर ठरत नाही. त्याने या माणसाचं काय केलं यावर ठरते.

कालावधी कधीपासून मोजायचा?

ती स्थिती सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत. दाखल झाल्यापासून नाही, निदान झाल्यापासूनही नाही. ही चूक फार होते: रुग्ण पाच दिवस दाखल होता म्हणून चारही ओळींसमोर ‘5 दिवस’. मग प्रमाणपत्र असं म्हणतं की मधुमेह, जखम, गँग्रीन आणि शॉक एकाच दिवशी उगवले.

वरून खाली कालावधी वाढत गेला पाहिजे, फार तर सारखा राहावा. खालच्या ओळीचा कालावधी वरच्यापेक्षा कमी निघाला तर एकतर क्रम चुकलाय किंवा आकडा. कोडरही हेच पाहतो. कालावधीत न बसणारी साखळी तो मान्य करू शकत नाही, कारण आधी झालेली गोष्ट नंतरच्या गोष्टीमुळे झाली असं होत नाही.

अचूक माहीत नसेल तर ‘अंदाजे 18 वर्षं’, ‘काही महिने’, ‘काही तास’ चालतं. अजिबात अंदाज नसेल तर ‘अज्ञात’ लिहा. जागा कोरी सोडली तर माहीत नव्हतं की लिहायचं राहिलं, हे कळत नाही. नातेवाइकांना ‘गोळ्या कधीपासून सुरू आहेत?’ असं विचारलं तर ‘आजार कधीपासून?’ यापेक्षा नेमकं उत्तर मिळतं. पण आजार त्याआधीचा असू शकतो, हे धरून चालावं.

निदानाची खात्री नसेल तर ‘संभाव्य’ लिहू का?

लिहा. निदान न लिहिण्यापेक्षा ते कितीतरी बरं. प्रमाणपत्र हे तुमचं प्रामाणिक वैद्यकीय मत असतं, प्रयोगशाळेचा निकाल नसतो. फक्त एवढं जाणून असा की कोडिंगच्या नियमांत ‘बहुधा’, ‘संभाव्य’ असे शब्द दुर्लक्षिले जातात. ‘संभाव्य मायोकार्डियल इन्फार्क्शन’ हे आकडेवारीत मायोकार्डियल इन्फार्क्शन म्हणूनच मोजलं जाईल. म्हणून सहज सुचलेलं नाव ‘संभाव्य’ लावून टाकू नका. तुमचा खरोखर जो कल आहे तोच लिहा.

कल्चर किंवा शवविच्छेदनाचा अहवाल यायचा असेल तर आत्ता जे ठाऊक आहे ते लिहून द्या आणि अहवाल आला की दुरुस्ती कळवा. आपल्या केसमध्ये कल्चर उशिरा आलं असतं, तर ओळ ब मध्ये ‘संसर्गासह, जंतूचा अहवाल प्रलंबित’ एवढं पुरलं असतं.

आणि काहीच धागा नसेल, उदाहरणार्थ माणूस मृतच आणला गेला, कुणी ओळखीचं नाही, जुने कागद नाहीत, तर ‘हार्ट ॲटॅक’ असं ठोकून देऊ नका. अशा मृत्यूचं काय करायचं याचे कायदेशीर नियम ठरलेले असतात. ते बहुतेक वेळा प्रमाणपत्राआधीच लागू होतात.

संक्षेप का नको? सगळ्यांना कळतात.

ज्या वॉर्डात लिहिले तिथे कळतात. ‘आरटीए’ हाडांच्या वॉर्डात रस्ते अपघात असतो आणि मूत्रपिंडाच्या वॉर्डात रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस. ‘एमआय’ म्हणजे इन्फार्क्शन की मायट्रल झडपेची गळती? ‘एमएस’ म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस की मायट्रल स्टेनोसिस? कोडर फक्त शेजारच्या ओळींवरून अंदाज बांधू शकतो. वर वापरलेला ‘सीओपीडी’सुद्धा खऱ्या फॉर्मवर पूर्ण लिहायचा, इथे वाचायला सोपं जावं म्हणून आखूड ठेवला आहे.

अक्षराबद्दल काय सांगायचं! सुटं आणि मोठं लिहा. इंग्रजीत ‘हायपर’ आणि ‘हायपो’ यांत शेवटच्या दोन-तीन अक्षरांचाच फरक आहे, आणि अर्थ मात्र पार उलटा.

आजाराचं नाव किती तपशीलवार हवं?

उपलब्ध माहितीत जितकं नेमकं लिहिता येईल तितकं. नुसतं ‘मधुमेह’ नको, टाइप सांगा. ‘स्ट्रोक’ नको, रक्तस्राव की रक्तपुरवठा तुटणं ते सांगा. ‘न्यूमोनिया’ असेल तर जंतू, आणि रुग्ण कशामुळे अंथरुणाला खिळला होता तेही.

सगळ्यात जास्त माहिती हरवते ती कर्करोगात. ‘लिव्हरचा कर्करोग’ लिहिलं जातं, प्रत्यक्षात तो मोठ्या आतड्यातून लिव्हरमध्ये पसरलेला असतो. तो असा लिहावा:

> अ) लिव्हर फेल्युअर: 1 आठवडा
> ब) लिव्हरमधले दुय्यम कर्करोग: 5 महिने
> क) सिग्मॉइड कोलनचा ॲडिनोकार्सिनोमा, प्राथमिक: 2 वर्षं

‘प्राथमिक’ आणि ‘दुय्यम’ हे दोन शब्द आणि जागा, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे. प्राथमिक जागा शोधूनही सापडली नसेल तर तसं स्पष्ट लिहा: ‘प्राथमिक जागा अज्ञात’. नाहीतर जिथे पसरला तीच जागा मूळ समजली जाण्याची भीती असते.

शस्त्रक्रिया झाली असेल तर ती कुठे लिहायची?

शस्त्रक्रिया ज्या आजारासाठी केली तो आजार साखळीत हवा. आपल्या रुग्णाची बोटं काढली, पण त्या शस्त्रक्रियेमुळे मृत्यू झाला नाही. ती करूनही संसर्ग आवरला नाही. त्यामुळे भाग 1 मध्ये ती येत नाही. गेल्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली का, कधी आणि कशासाठी, असा वेगळा रकाना आंतरराष्ट्रीय नमुन्यात आहे. तिथे तारीख आणि ‘पायाच्या गँग्रीनसाठी बोटं काढली’ हे लिहायचं.

शस्त्रक्रियेतली गुंतागुंतच मृत्यूला कारण झाली तर मात्र ती साखळीत लिहावी लागते, आणि तिच्याखाली शस्त्रक्रिया व तिचं कारण. ‘अ) पेरिटोनायटिस: 3 दिवस, ब) आतड्याचा जोड सुटणं: 4 दिवस, क) उजव्या बाजूचं मोठं आतडं काढण्याची शस्त्रक्रिया: 9 दिवस, ड) सीकमचा ॲडिनोकार्सिनोमा: 4 महिने’. नुसतं ‘पोस्ट-ऑपरेटिव्ह पेरिटोनायटिस’ लिहिलं तर पोट का उघडलं होतं हेच कळत नाही.

म्हातारा माणूस पडला, खुबा मोडला, महिन्याने न्यूमोनियाने गेला. हा न्यूमोनियाचा मृत्यू ना?

न्यूमोनिया ही शेवटची पायरी. खाली उतरत जा: न्यूमोनिया कशामुळे? अंथरुणाला खिळल्यामुळे. ते कशामुळे? मांडीच्या हाडाची मान मोडल्यामुळे. ती कशामुळे? घरात पाय घसरून पडल्यामुळे. ठिसूळ हाडं भाग 2 मध्ये.

इजा साखळीत आली की ती कशी झाली हे लिहिल्याशिवाय साखळी पूर्ण होत नाही. मूळ कारणाच्या व्याख्येतच तसं म्हटलं आहे: साखळी सुरू करणारा आजार किंवा इजा, किंवा जीवघेणी इजा ज्या अपघाताने वा हिंसेने झाली ती परिस्थिती. म्हणून ‘डोक्याला मार’ इथे थांबू नका. कुठून, कसा, कुठल्या ठिकाणी हे सांगा.

यात एक सापळा आहे. पडणं महिन्यापूर्वीचं असलं तरी मृत्यू नैसर्गिक ठरत नाही. साखळीच्या तळाशी अपघात, विषबाधा किंवा मारहाण निघाली, तर प्रमाणपत्र तुम्ही द्यायचं की चौकशी अधिकाऱ्याकडे कळवायचं, हे तुमच्या इथल्या कायद्यावर ठरतं. सही करण्याआधी ते पाहा. केस पेपर मागे चाळला नाही तर हे निसटतं, कारण वॉर्डात तो रुग्ण ‘न्यूमोनियाचा पेशंट’ म्हणूनच ओळखला जात असतो.

92 वर्षांचे होते, हळूहळू मालवले. ‘वार्धक्य’ लिहू का?

आधी शोधा. गेल्या काही महिन्यांत खाणं कशामुळे कमी झालं? स्मृतिभ्रंश होता का? गिळताना ठसका लागायचा का? ‘ॲस्पिरेशन न्यूमोनिया, अल्झायमरमुळे’ अशी साखळी अनेकदा सापडते. कोडिंगमध्ये वार्धक्य हे अस्पष्ट कारणांत धरलं जातं आणि त्यातून पुढे काहीच कळत नाही. शोधूनही हाती काही लागलं नाही, तरच तो शब्द.

दोन साखळ्या असतील तर?

तसं होतं. एकाच माणसाला जुना हृदयविकार आणि पसरलेला कर्करोग असतो. भाग 1 मध्ये मात्र एकच साखळी लिहायची. दोघांना एकाखाली एक ठेवलं तर कर्करोगामुळे हृदयविकार झाला असं वाचलं जाईल. ‘हा दुसरा आजार नसता तर माणूस याच आठवड्यात गेला असता का?’ असं दोन्ही बाजूंनी विचारा. ज्याच्या बाबतीत उत्तर ‘हो, तरीही गेला असता’ असं येतं, तो दुसरा आजार भाग 2 मध्ये जातो. उत्तर दोन्हीकडे सारखंच आलं तर तुमच्या मते जो अधिक जबाबदार तो भाग 1 मध्ये. निवड तुमचीच आहे. ती कोडरवर सोपवू नका.

सही करण्यापूर्वी शेवटचं काय पाहायचं?

भरलेल्या सर्वांत खालच्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, ‘याच्याही मागे काही आहे का, जे मला ठाऊक आहे?’ आपल्या केसमध्ये गँग्रीनवर बोट ठेवलं असतं तर उत्तर ‘आहे’ आलं असतं, जखमेवर ठेवलं असतं तरी ‘आहे’. मधुमेहावर ठेवलं की उत्तर संपतं. मग सगळ्यात वरची ओळ पाहा: ती प्रत्येक मृताला लागू पडेल अशी असेल तर खोडा आणि बाकीच्या एक-एक ओळ वर सरकवा. बाळंतपणाच्या वयातली स्त्री असेल तर गरोदरपणाचा रकाना कोरा नाही ना, तेही बघून घ्या. गेल्या वर्षभरातलं गरोदरपण तिथे मोजलं जातं.